आधी क्लेम, मग रद्द

घरातलं कुत्रं किंवा मांजर गेलं, की दोन-चार दिवसांत कुणीतरी फोन हातात घेतं आणि त्याच्या नावानं चालू असलेलं सगळं एकेक करून बंद करू लागतं. पहिला नंबर बहुतेक वेळा विमा कंपनीचा लागतो. ‘आमचा कुत्रा गेला, पॉलिसी बंद करा.’ पलीकडचा माणूस सौजन्यानं दुःख व्यक्त करतो, विनंती नोंदवून घेतो आणि काम झालं असं वाटतं. नेमकं इथेच अनेकांचं नुकसान होतं, कारण हे वाक्य क्लेमच्या आधी गेलं की पुढचा सगळा हिशेब उलटा पडू शकतो. दुःखात असलेल्या माणसाला पॉलिसीतली कलमं वाचायला सांगणं निष्ठुरपणाचं वाटेल. तरीही मी तसं सांगते आहे, कारण वाचायची कलमं दोनच आहेत आणि ती वाचण्याचा योग्य वेळ निघून गेला की परत येत नाही.

पाळीव प्राण्यांचा विमा आपल्याकडे शहरांत नवा असला, तरी जनावरांचा विमा महाराष्ट्राच्या गावांना जुना आहे. गाय किंवा म्हैस दगावली की कानातल्या बिल्ल्याचा नंबर जुळायला हवा, पशुवैद्याचा दाखला हवा आणि कंपनीला लगेच कळवायला हवं, हे दूध उत्पादकाला पाठ असतं. बिल्ला नसेल तर क्लेम नाही, हा त्या धंद्यातला सरळ नियम आहे. कुत्र्यामांजरांच्या पॉलिसीत बिल्ल्याची जागा मायक्रोचिपनं किंवा फोटोंनी घेतली, बाकी तर्क तोच राहिला. मेलेला प्राणी विमा उतरवलेलाच होता का, तो कशानं मेला आणि ते कोण सांगतं, हे तीनच प्रश्न कंपनी विचारते.

म्हणून पॉलिसी उघडल्यावर पहिल्यांदा पाहायचं ते मृत्यूसंबंधीचं कलम. सगळ्या पॉलिसींत ते नसतं. काही पॉलिसी फक्त शस्त्रक्रिया आणि दवाखान्यात दाखल केल्याचा खर्च देतात, काहींत मृत्यूची रक्कम मुळातच असते, तर काहींत ती जादा प्रीमियम भरून घ्यावी लागते. पॉलिसीच्या पहिल्या पानांवर जो तक्ता असतो, त्यात कोणकोणती संरक्षणं घेतली आणि प्रत्येकाची मर्यादा किती, ते लिहिलेलं असतं. तिथे ‘मॉर्टॅलिटी’ असा शब्द आणि त्यापुढे रक्कम दिसली, तर पॉलिसी रद्द करण्याचा विचार बाजूला ठेवायचा. ती रक्कम उरलेल्या प्रीमियमच्या कितीतरी पट असते.

या क्लेमला वेळेचं बंधन आहे, आणि ते कागदावर जितकं दिसतं त्याहून प्रत्यक्षात जास्त कडक आहे. मृत्यूचं कारण ठाऊक असेल, म्हणजे प्राणी दवाखान्यात उपचार चालू असताना गेला असेल, तर उपचार करणाऱ्या पशुवैद्याचा दाखला, केसपेपर आणि रक्ताचे रिपोर्ट बहुधा पुरतात. पण प्राणी घरीच अचानक गेला, विषबाधेची शंका आहे किंवा आदल्या दिवसापर्यंत तो ठणठणीत होता, अशा वेळी कंपनी शवविच्छेदनाचा अहवाल मागू शकते. अंत्यसंस्कार झाल्यावर तो कुठून आणायचा? म्हणून शोक करत असतानाच एक फोन पशुवैद्याला करून एवढंच विचारायचं, ‘दाखल्यावर कारण स्पष्ट लिहिता येईल का, की शवविच्छेदन लागेल?’ लागणार असेल तर देह थंड जागी ठेवायचा, पण गोठवायचा नाही. गोठवल्यावर पेशी फुटतात आणि तपासणीला अडचण येते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात देह काही तासांत खराब होऊ लागतो, तेव्हा हा निर्णय त्याच दिवशीचा असतो. मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारखी ठिकाणं यासाठी आहेत. लहान गावांत मात्र तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातच विचारावं लागतं.

दाखल्यात काय असावं, हे पशुवैद्याला आधीच सांगितलेलं बरं, कारण गडबडीत तो दोन ओळींचा लिहिला जातो. प्राण्याची जात, लिंग, रंग, वय आणि असल्यास चिपचा पंधरा अंकी नंबर, मृत्यूची तारीख व वेळ, मृत्यूचं कारण, आजार पहिल्यांदा कधी दिसला ती तारीख, आणि शेवटी पशुवैद्याची सही, शिक्का व राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक. यातली आजार पहिल्यांदा दिसल्याची तारीख सर्वांत जास्त महत्त्वाची. ती पॉलिसी सुरू होण्याआधीची निघाली, तर आजार जुना असल्याचं सांगून क्लेम नाकारला जातो. लसीकरणाचं पुस्तकही सोबत लागतं. डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टोस्पायरोसिस, रेबीज अशा ज्या रोगांवर लस आहे, त्या रोगानं प्राणी गेला आणि लस वेळेवर दिलेली नसली, तर अनेक पॉलिसी हात वर करतात.

प्राण्याला यातनांतून सोडवण्यासाठी इंजेक्शन दिलं असेल तर? हा प्रश्न विचारायला माणसं संकोचतात, म्हणून इथे स्पष्टच लिहिते. आजार बरा होणारा नव्हता आणि प्राण्याला असह्य त्रास होत होता, असं पशुवैद्यानं लिहून दिलं असेल तर ज्या पॉलिसींत याची तरतूद आहे, तिथे हा मृत्यू धरला जातो. तरतूद आहे की नाही, ते ‘युथनेशिया’ हा शब्द पॉलिसीत शोधून कळतं. दाखल्यावर हे लपवू नये. उपचारांच्या बिलात त्या औषधाचं नाव असतंच, आणि दाखला व बिल जुळले नाहीत की चांगला क्लेमही संशयात अडकतो.

मृत्यूची रक्कमही तक्त्यात लिहिलेली तेवढीच मिळेल असं नाही. तक्त्यातला आकडा आणि मृत्यूच्या वेळचं त्या जातीच्या, त्या वयाच्या प्राण्याचं बाजारमूल्य, यांतलं जे कमी ते देण्याची पद्धत अनेक पॉलिसींत आहे. रस्त्यावरून आणून जीव लावलेल्या देशी कुत्र्याच्या बाबतीत हा नियम मला फार खटकतो. त्याला बाजारात किंमत नाही, असं कागद म्हणतो. पण पॉलिसी घेताना किंमत दोन्ही बाजूंनी ठरवून लिहिली असेल, तर ती लिहिलेली रक्कम मागण्याचा आधार आपल्याकडे असतो. प्रस्तावाच्या अर्जाची प्रत त्यासाठी काढून ठेवावी.

आता दुसरं कलम. मृत्यूचं संरक्षण नसेल, किंवा असूनही या मृत्यूला ते लागू होत नसेल, तर मग उरलेल्या प्रीमियमकडे वळायचं. विमा नियामक, म्हणजे आयआरडीएआय, यांनी जून 2024 मध्ये सर्वसाधारण विम्यासाठी जे एकत्रित परिपत्रक काढलं, त्यानं इथली परिस्थिती ग्राहकाच्या बाजूनं बरीच बदलली. वैयक्तिक पॉलिसी घेतलेला ग्राहक ती कधीही रद्द करू शकतो, कारण देण्याची सक्ती नाही. पॉलिसी एक वर्षापर्यंतची असेल आणि त्या काळात एकही क्लेम केलेला नसेल, तर न वापरलेल्या दिवसांचा प्रीमियम त्या प्रमाणात परत द्यायचा. मुदत एक वर्षाहून जास्त असेल, तर ज्या वर्षांचं संरक्षण अजून सुरूच झालेलं नाही, त्या वर्षांचा प्रीमियम परत द्यायचा.

पूर्वी असं नव्हतं. तेव्हा कंपन्या अल्पमुदतीच्या तक्त्यानं हिशेब करत. पॉलिसी महिना-दोन महिने चालली तरी मोठा वाटा कापला जाई आणि सहा महिने उलटले की बहुधा काहीच हाती येत नसे. जुन्या पॉलिसींच्या छापील कागदांवर तो तक्ता अजून दिसतो आणि फोनवरचे कर्मचारीही कधी कधी तोच वाचून दाखवतात. तसं झालं तर वाद न घालता एवढंच लिहून विचारायचं, की 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे दिवसांच्या प्रमाणात परतावा का नाही, त्याचं लेखी कारण द्या.

एक हिशेब करून पाहू. समजा नाशिकच्या एका घरात सात वर्षांचा लॅब्राडोर होता. त्याची पॉलिसी 1 जून 2025 पासून 31 मे 2026 पर्यंतची, प्रीमियम 5,475 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. प्रीमियमला 365 नं भागलं की दिवसाचे 15 रुपये होतात. मूत्रपिंड निकामी होऊन 10 डिसेंबरला कुत्रा गेला. पॉलिसीत मृत्यूचं संरक्षण नव्हतं. वर्षातले 193 दिवस वापरले गेले आणि 172 उरले. म्हणजे परतावा 2,580 रुपये. त्या भागावर भरलेला जीएसटी 464 रुपयांच्या आसपास येतो, तोही हिशेबात धरावा, असं अर्जात लिहायचं. एकूण साधारण 3,044 रुपये.

पण या घरानं रद्द करायचा अर्ज 10 डिसेंबरला केला नाही. मन झालं नाही, हे कुणालाही समजेल. अर्ज गेला 15 जानेवारीला. आता कंपनीनं अर्जाच्या तारखेपासून दिवस मोजले, तर उरतात 136 आणि परतावा होतो 2,040 रुपये. छत्तीस दिवसांचे 540 रुपये आणि त्यावरचा कर गेला. अशा वेळी अर्जात मृत्यूची तारीख ठळक लिहून, दाखला जोडून, त्या तारखेपासून हिशेब करावा अशी विनंती करावी. विमा उतरवलेली वस्तूच नाहीशी झाल्यावर त्या दिवसानंतर कंपनीवर कोणतीही जोखीम नव्हती, हा मुद्दा रास्त आहे. सगळ्या कंपन्या तो मानतीलच असं नाही. पहिल्या आठवड्यात दोन ओळींचा ईमेल गेलेला असेल, तर हा वादच उद्भवत नाही.

याच घराच्या हिशेबात आणखी एक वळण आहे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. शेवटच्या आजारात कुत्रा तीन दिवस दवाखान्यात होता आणि बिल झालं 8,400 रुपये. पॉलिसीत दवाखान्याचा खर्च मिळतो. त्यातले समजा 7,000 रुपये ग्राह्य धरले गेले आणि वीस टक्के भार ग्राहकानं उचलायचा अशी अट असेल, तर हाती येतील 5,600. पण हा क्लेम केला की ‘एकही क्लेम केलेला नसेल’ ही परताव्याची अट मोडते आणि 3,044 रुपये जातात. दोन्ही एकत्र मिळत नाहीत. इथे क्लेम करणंच फायद्याचं, अडीच हजारांनी. मात्र बिल लहान असतं, कपात होऊन 2,400 रुपयेच मिळणार असते, तर क्लेम न करता पॉलिसी रद्द करणं बरं ठरलं असतं. म्हणून कंपनीला पहिला फोन करण्यापूर्वी कागदावर दोन आकडे मांडायचे. एका बाजूला परतावा आणि दुसऱ्या बाजूला क्लेमचे हाती येणारे पैसे. बिलाची पूर्ण रक्कम धरून तुलना केली की निर्णय चुकतो, कारण कपातीनंतरचाच आकडा खरा असतो.

आणि क्लेम करायचं ठरलं, तर तो निकाली निघेपर्यंत पॉलिसी चालू ठेवावी. नियमानं पाहिलं तर पॉलिसी चालू असताना झालेल्या घटनेचा क्लेम नंतर रद्द केल्यानं बुडत नाही. पण संगणकावर पॉलिसी ‘रद्द’ दिसली की क्लेमची फाईल पुढे सरकवणारा माणूस थबकतो. रद्द करण्याच्या अर्जावर परतावा आधी निघाला आणि मग क्लेम आला, तर ‘तुम्ही क्लेम नाही असं सांगून पैसे घेतलेत’ असा आरोप होऊ शकतो. हा गुंता सोडवण्यात जाणारे आठवडे त्या काळात कुणालाच नको असतात.

घरात दोन प्राणी असतील आणि दोघांची पॉलिसी एकच असेल, तर ‘पॉलिसी रद्द करा’ हे शब्द लिहूच नयेत. मांजरीचं संरक्षणही त्याबरोबर जाईल, आणि तिचं वय वाढलेलं असेल तर नव्यानं पॉलिसी मिळणंही अवघड होईल. अशा वेळी मागायची ती दुरुस्ती, जिला विम्यात एन्डॉर्समेंट म्हणतात. गेलेल्या प्राण्याचं नाव कमी करून त्याच्या वाट्याचा प्रीमियम परत द्यावा, बाकी पॉलिसी तशीच ठेवावी, असं लिहायचं.

हे सगळं लागू होतं ते खऱ्याखुऱ्या, वैयक्तिक विमा पॉलिसीला. आजकाल पेट शॉप, दवाखाने आणि ॲप वर्षभराच्या ‘केअर प्लॅन’च्या नावानं पैसे घेतात. त्यात लसी, तपासण्या, थोडी सवलत, कधी एखादं संरक्षण असतं. कागद पाहिला की फरक कळतो. विम्याच्या कागदावर विमा कंपनीचं पूर्ण नाव, आयआरडीएआयचा नोंदणी क्रमांक आणि त्या पॉलिसीचा यूआयएन असतो. हे नसेल तर तो विमा नाही, आणि परतावा त्या दुकानाच्या अटींवर व ग्राहक कायद्यावर अवलंबून राहतो. तिसरा प्रकार समूह पॉलिसीचा. विमा खरा, पण मूळ पॉलिसी ॲपच्या किंवा दुकानाच्या नावावर आणि तुमच्या हातात फक्त एक प्रमाणपत्र. तिथे वर सांगितलेला वैयक्तिक ग्राहकाचा हक्क जसाच्या तसा लागत नाही. आधी त्या प्रमाणपत्रावरच्या रद्द करण्याच्या अटी पाहाव्या लागतात.

अर्ज कसा असावा? लांब नको. पॉलिसी क्रमांक, प्राण्याचं नाव आणि चिप नंबर, मृत्यूची तारीख, ‘या पॉलिसीत आम्ही कोणताही क्लेम केलेला नाही’ हे वाक्य, दिवसांच्या प्रमाणात प्रीमियम आणि त्यावरील कर परत करावा ही मागणी, आणि ‘हिशेबाचा तपशील लेखी द्यावा’ ही विनंती. सोबत दाखला आणि पॉलिसीधारकाच्या बँक खात्याचा रद्द केलेला चेक. पैसे पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्यालाच मिळतात. कुत्रा आईवडिलांजवळ आणि पॉलिसी बंगळुरूच्या मुलाच्या नावावर असेल, तर अर्ज मुलानंच त्याच्या नोंदवलेल्या ईमेलवरून करावा. फोनवर बोलणं झालं तरी त्याच दिवशी ईमेल पाठवावा आणि तक्रार किंवा विनंतीचा क्रमांक जपून ठेवावा.

आता दारात येणाऱ्या पिशव्यांकडे. खाद्याच्या वर्गणीत तीन गोष्टी वेगवेगळ्या चालू असतात आणि त्यांतली एक बंद केली की सगळं बंद झालं असा समज होतो. पहिली, निघालेली किंवा पॅक झालेली पुढची ऑर्डर. दुसरी, दर महिन्याला ऑर्डर तयार करणारी वर्गणी. तिसरी, बँकेतून पैसे कापण्याची परवानगी, जिला मॅन्डेट किंवा ऑटोपे म्हणतात. ऑर्डर रद्द केली आणि वर्गणी राहिली, तर पुढच्या महिन्यात पिशवी पुन्हा दारात येते. वर्गणी राहिली आणि फक्त मॅन्डेट काढलं, तर पैसे कापले जात नाहीत पण काही दुकानं तीच पिशवी घरपोच पैसे घेण्याच्या पद्धतीनं पाठवतात. म्हणून क्रम असा ठेवावा, की आधी पुढची ऑर्डर, मग वर्गणी, शेवटी मॅन्डेट.

वर्गणी बंद करताना ॲपमध्ये ‘स्किप’ आणि ‘पॉज’ ही दोन बटणं सहज दिसतात, ‘कॅन्सल’ शोधावं लागतं. पहिल्यानं एकच महिना टळतो आणि दुसरीचा काळ संपला की ती आपोआप सुरू होते. बटण सापडतच नसेल, किंवा बंद करण्यासाठी फोन करा, कारण सांगा, सवलत घ्या अशा फेऱ्यांत अडकवलं जात असेल, तर तो केवळ त्रास नाही, नियमभंग आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर 2023 मध्ये फसव्या रचनांविरुद्ध जी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, त्यांत तेरा प्रकार सांगितले आहेत आणि वर्गणीचा सापळा हा त्यांतला एक आहे. बंद करण्याचा पर्याय लपवणं किंवा ती प्रक्रिया उगाच अवघड करणं, हे त्यात बसतं. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर करता येते. त्याआधी दुकानाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावं. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यानं 48 तासांत पोच द्यायला हवी आणि महिन्याभरात तक्रार सोडवायला हवी.

मॅन्डेट कुठे काढायचं, ते पैसे कशातून जातात त्यावर ठरतं. यूपीआयमधून जात असतील, तर ज्या ॲपमधून परवानगी दिली त्याच ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन ती रद्द करता येते. कार्डवरून जात असतील, तर बँकेच्या साइटवर किंवा ॲपमध्ये त्या कार्डाखालची चालू मॅन्डेटं दिसतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम कापण्यापूर्वी किमान 24 तास आधी सूचना यायला हवी, आणि तिथूनच ती थांबवण्याची सोय असायला हवी. तो मेसेज जाहिरात समजून पुसून टाकू नये. विम्याचं आपोआप नूतनीकरणही असंच मॅन्डेटवर चालतं. प्राणी गेल्यावर नूतनीकरणाचे पैसे कापले गेले, तर ज्याचा विमा उतरवायचा तो प्राणीच त्या दिवशी अस्तित्वात नव्हता. त्या वर्षाची जोखीम मुळात सुरूच झाली नाही, म्हणून दिवस न मोजता पूर्ण प्रीमियम परत मागावा.

आधीच भरलेल्या पण न आलेल्या पिशव्यांचे पैसे मागताना त्या पाकिटात नव्हे, मूळ खात्यात द्या, असं सांगावं. दुकानाच्या वॉलेटमध्ये आलेले पैसे अशा घराला काय उपयोगाचे? घरात आलेल्या, न फोडलेल्या पिशव्या मुदतीत असतील तर काही दुकानं परत घेतात, नाहीतर जवळच्या प्राणी निवाऱ्याला देता येतात. इथे एक काळजी हवी. मूत्रपिंडाच्या किंवा मधुमेहाच्या आजारासाठी पशुवैद्यानं लिहून दिलेलं खाद्य कुठल्याही कुत्र्याला चालत नाही. मूत्रपिंडाच्या खाद्यात प्रथिनं आणि फॉस्फरस मुद्दाम कमी ठेवलेले असतात. वाढत्या पिल्लाला ते देणं बरं नाही. अशी पिशवी दवाखान्यातच द्यावी, तिथे गरजू पेशंट असतो.

दुकानाच्या खात्यात प्राण्याचं नाव, जात, वाढदिवस भरलेला असतो. वर्गणी बंद झाली तरी ती माहिती तिथे राहते, आणि काही महिन्यांनी नाव घेऊन वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. त्यासाठी वेगळं लिहावं लागतं. प्राण्याची प्रोफाइल काढून टाका, तो गेला आहे, एवढ्या शब्दांत सांगितलं की बहुतेक ठिकाणी ते करतात. लेकरांच्या फोनवर तसा मेसेज जाण्यापेक्षा हे दोन मिनिटांचं काम पहिल्या महिन्यातच करणं बरं.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांसाठी एक फरक. तिथे प्रीमियम दरमहा भरला जातो, म्हणून महिनाभराचंच देणं आहे असं वाटतं. करार मात्र वर्षाचा असतो. त्या वर्षी मोठा क्लेम मिळालेला असेल, तर उरलेल्या महिन्यांचे हप्ते कंपनी मागू शकते किंवा क्लेममधून वळते करू शकते. डायरेक्ट डेबिट बँकेतून बंद करून मोकळं होण्यापूर्वी हे विचारून घ्यावं.

आपल्याकडे कंपनीनं अर्जाला उत्तर दिलं नाही, किंवा परतावा नाकारला, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जावं. तिथेही काही झालं नाही तर आयआरडीएआयचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल आहे, आणि 155255 हा फोन. लेखी तक्रारीला महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्याची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत तिथे तक्रार करावी लागते. फी नाही, वकील लागत नाही, आणि तीन हजारांच्या रकमेसाठीही ती दाखल करून घेतली जाते. सोबत न्यायचे कागद म्हणजे पशुवैद्याचा दाखला, पॉलिसी, पहिल्या आठवड्यात पाठवलेला ईमेल आणि कंपनीनं दिलेलं किंवा न दिलेलं उत्तर.